तोटा होतोय, तरी कारखाना चालू ठेवायचा? पूर्ण स्पर्धेतलं उत्पादन आणि ‘बंद बिंदू’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोटा होत असताना उत्पादन चालू ठेवणं हा वेडेपणा नाही का?

बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. वर्गात तो विचारला गेला की मी उलट विचारतो, ‘आज बंद केलं तर तोटा शून्य होईल का?’ तिथेच बरेच जण थबकतात, कारण तसं होत नाही. जागेचं भाडं, यंत्राच्या कर्जाचा हप्ता, वर्षभराचा विमा हे सगळं कुलूप लावल्यावरही भरावंच लागतं. म्हणजे निवड नफा आणि तोटा यांतली नसते. एकीकडे चालू ठेवल्यावरचा तोटा असतो आणि दुसरीकडे बंद केल्यावरचा, आणि या दोन तोट्यांतला लहान तोटा निवडायचा असतो. या पानावरचं बाकी सगळं या एका तुलनेतून निघतं.

हा नियम फक्त पूर्ण स्पर्धेतल्या उद्योगसंस्थेलाच लागू होतो का?

बंद करण्यामागचा विचार कोणालाही लागू होतो. पण पूर्ण स्पर्धेत तो सगळ्यात स्वच्छ दिसतो. तिथे विक्रेते पुष्कळ असतात आणि सगळ्यांचा माल अगदी एकसारखा असतो, त्यामुळे एकट्या संस्थेच्या हातात किंमत नसते. बाजारात जो भाव चालू आहे तो ती स्वीकारते. एक नग जास्त विकला तर प्राप्ती बरोबर त्या भावाइतकी वाढते, म्हणून किंमत आणि सीमांत प्राप्ती एकच. मालकाला दोनच गोष्टी ठरवायच्या उरतात : चालवायचं की नाही, आणि चालवायचं तर किती.

आकडे घेऊन सांगता येईल का?

पुठ्ठ्याचे खोके बनवणारा एक छोटा कारखाना समजू. खोके गठ्ठ्यांनी विकले जातात आणि हिशेब आठवड्याचा. जागेचं भाडं आणि यंत्राचा हप्ता मिळून आठवड्याला ६० लागतात. हा स्थिर खर्च. चलन कोणतंही समजा, त्याने काही बिघडत नाही. पुठ्ठा, डिंक, वीज आणि रोजंदारी हा बदलता खर्च, जो उत्पादनाबरोबर वाढतो. आणखी एक गठ्ठा केल्याने जो खर्च वाढतो तो सीमांत खर्च.

| गठ्ठे | एकूण बदलता खर्च | सीमांत खर्च | सरासरी बदलता खर्च | एकूण खर्च |
|---|---|---|---|---|
| ० | ० | – | – | ६० |
| १ | ३० | ३० | ३०.० | ९० |
| २ | ५२ | २२ | २६.० | ११२ |
| ३ | ७२ | २० | २४.० | १३२ |
| ४ | ९४ | २२ | २३.५ | १५४ |
| ५ | १२२ | २८ | २४.४ | १८२ |
| ६ | १५८ | ३६ | २६.३ | २१८ |
| ७ | २०६ | ४८ | २९.४ | २६६ |
| ८ | २७० | ६४ | ३३.८ | ३३० |

सीमांत खर्च आधी उतरतो आणि मग चढतो, याला कारण आहे. पहिल्या गठ्ठ्यासाठी यंत्र लावून घ्यायचं, पहिले काही ताव वाया जायचे, एकाच माणसाने कापायचंही आणि चिकटवायचंही. दोनतीन माणसं आली की कामं वाटली जातात आणि पुढचा गठ्ठा स्वस्तात पडतो. पण यंत्र एकच आहे. पाचव्या-सहाव्या गठ्ठ्यापासून माणसं यंत्र मोकळं व्हायची वाट बघत उभी राहतात, जादा वेळेची मजुरी चढते आणि घाईत कापलेला पुठ्ठा रद्दीत जातो. घटत्या सीमांत फलाचा नियम म्हणतात तो हाच.

भाव ५० असेल तर किती गठ्ठे बनवायचे?

एकेक गठ्ठा घेऊन विचारा : याने भर किती पडते आणि खर्च किती वाढतो? सातव्या गठ्ठ्याला ४८ लागतात आणि तो ५० ला जातो, म्हणून तो करावा. आठव्याला ६४ लागतात आणि येतात ५०, म्हणून तो करू नये. सात गठ्ठ्यांवर प्राप्ती ३५०, खर्च २६६, नफा ८४. आठवर नफा ७० राहिला असता.

पुस्तकातलं वाक्य ‘सीमांत खर्च किमतीइतका होईल तिथे थांबा’ असं असतं. माल सुट्या गठ्ठ्यांत मोजला की बरोबर तितका आकडा क्वचितच सापडतो. मग सीमांत खर्च किमतीच्या आत असलेला, चढत्या बाजूचा शेवटचा नग घ्यायचा. विद्यार्थी तक्त्यात नेमका ५० शोधत बसतात, तो न सापडल्यावर उत्तर सोडून देतात, आणि फुकट गुण घालवतात.

जिथे सरासरी खर्च सगळ्यात कमी, तिथेच नफा सगळ्यात जास्त, असं नाही का?

नाही. आणि हा गैरसमज चिवट आहे, कारण तो ऐकायला पटतो. वरच्या तक्त्यात एकूण खर्चाला गठ्ठ्यांनी भागलं तर सरासरी एकूण खर्च सहा गठ्ठ्यांवर सगळ्यात कमी येतो, सुमारे ३६.३. सातवर तो ३८ होतो. पण भाव ५० असताना सहा गठ्ठ्यांवर नफा ८२ आणि सातवर ८४. सातव्या गठ्ठ्याने सरासरी वाढवली हे खरं, तरी तो स्वतः २ मिळवून गेला. मालकाच्या खिशात सरासरी जात नाही, एकूण नफा जातो.

किंमत आणि सीमांत खर्च दोन ठिकाणी सारखे आले तर कुठलं धरायचं?

सीमांत खर्चाचा वक्र आधी उतरून मग चढतो, त्यामुळे किमतीची आडवी रेषा त्याला दोनदा छेदू शकते. भाव ३० धरून बघा. पहिल्याच गठ्ठ्याचा सीमांत खर्च ३० आहे, म्हणजे समानतेची अट तिथेच पूर्ण झाली. एक गठ्ठा करून थांबलात तर ३० आले आणि बदलत्या खर्चात ३० गेले. भाड्यासाठी काहीच उरलं नाही आणि तोटा ६०. आता पुढे चला. दुसरा गठ्ठा ८ मिळवतो, तिसरा १०, चौथा ८, पाचवा २. पाच गठ्ठ्यांवर बदलता खर्च जाऊन २८ हातात राहतात. सहाव्याला ३६ लागतात, तो उलट ६ घालवेल.

उतरत्या बाजूची समानता ही चकवा आहे. तिथे प्रत्येक पुढचा नग आधीच्यापेक्षा स्वस्त पडतो, म्हणून तिथे थांबणं म्हणजे फायदा सुरू होण्याच्या क्षणी दुकान आवरणं. सीमांत खर्च चढत असताना जी समानता येते तीच धरायची.

पण भाव ३० असताना पाच गठ्ठ्यांवरही तोटाच आहे ना?

आहे. प्राप्ती १५०, एकूण खर्च १८२, तोटा ३२. सरासरी एकूण खर्च ३६.४ आणि भाव ३०, म्हणजे दर गठ्ठ्यामागे ६.४ ची खोट. हा आकडा बघून ‘बंद करा’ म्हणावंसं वाटतं.

आता बंद करून बघा. प्राप्ती शून्य, पुठ्ठा-मजुरी शून्य, पण ६० द्यावेच लागतात. तोटा ६०. म्हणजे चालवलं तर ३२ बुडतात आणि बंद केलं तर ६०. चालवण्याने पुठ्ठा, डिंक, वीज, मजुरी सगळं भागून २८ उरले आणि ते भाड्याच्या कामी आले.

दर गठ्ठ्यामागची ६.४ ची खोट फसवी आहे, कारण तिच्यात भाड्याचे १२ मिसळलेले आहेत, आणि ते १२ गठ्ठा केला नाही तरी जाणारच आहेत. गठ्ठा करण्यामुळे खरोखर जो खर्च होतो तो सरासरी २४.४. भाव त्याच्या वर आहे एवढं पुरे.

मग बंद करण्याचा नियम नेमका काय?

सगळ्यात कमी सरासरी बदलता खर्च शोधा. किंमत त्याच्याही खाली असेल तर अल्पकाळात, म्हणजे स्थिर खर्च टाळता येत नाही तोवर, उत्पादन बंद. वर असेल तर चालू, आणि सीमांत खर्चाच्या चढत्या बाजूवर जितकं येईल तितकं. आपल्या तक्त्यात तो आकडा २३.५ आहे, चार गठ्ठ्यांवरचा. यालाच बंद बिंदू म्हणू.

बरोबर २३.५ भावाला चार गठ्ठे विकले तर ९४ येतात आणि बदलता खर्चही ९४. तोटा ६०, बंद केल्यावरही ६०. दोन्ही सारखंच, हिशेब इथे काही बोलत नाही. कोणी म्हणेल कामगार टिकून राहावेत म्हणून चालवावं, कोणी म्हणेल दगदग वाचते म्हणून बंद करावं. दोघेही बरोबर.

भाव २२ झाला, आणि सीमांत खर्चही २२ आहे. अट पूर्ण झाली, मग चालवायला काय हरकत?

इथेच नियमाचा दुसरा पाय लागतो. चौथ्या गठ्ठ्यावर सीमांत खर्च चढता आहे आणि २२ आहे, म्हणजे पहिली परीक्षा पास. पण चार गठ्ठ्यांचे ८८ येतात आणि बदलता खर्च ९४. पुठ्ठा आणि मजुरीसुद्धा सुटत नाही, ६ पदरचे घालावे लागतात. भाडं तर आहेच. तोटा ६६. बंद ठेवलं तर ६०.

सीमांत खर्चाची अट एवढंच सांगते की ‘चालवायचंच असेल तर इतकं करा’. चालवायचं की नाही हे ती सांगत नाही. चार गठ्ठ्यांचं हे उत्तर चालू ठेवण्याच्या पर्यायांत सगळ्यात चांगलं आहे, तरी कुलूप लावण्यापेक्षा वाईट. दोन प्रश्न आहेत आणि ते दोन्ही विचारावे लागतात. उत्तरपत्रिकांत सगळ्यात जास्त गुण इथेच जातात : किंमत आणि सीमांत खर्च समान केले, उत्तराभोवती चौकट काढली, आणि सरासरी बदलत्या खर्चाकडे पाहिलंच नाही.

किंमत सीमांत खर्चाशी तुलना करायची, सरासरी बदलत्या खर्चाशी करायची, की सरासरी एकूण खर्चाशी? माझा गोंधळ होतो.

तिन्हींशी, पण तीन वेगळ्या कामांसाठी. किती करायचं हे सीमांत खर्च सांगतो. करायचं की नाही हे सरासरी बदलता खर्च सांगतो. केल्यावर नफा झाला की तोटा हे सरासरी एकूण खर्च सांगतो. हे शेवटचं फक्त निकालपत्र आहे. अल्पकाळात त्यावरून काही ठरवायचं नसतं.

सीमांत खर्चाचा वक्र सरासरी बदलत्या खर्चाला बरोबर तळातच का छेदतो?

परीक्षेतल्या गुणांची सरासरी डोळ्यासमोर आणा. पुढच्या पेपरात सरासरीपेक्षा कमी गुण पडले तर सरासरी खाली येते, जास्त पडले तर वर जाते. चौथा गठ्ठा २२ चा. तोवरची सरासरी २४, म्हणून ती २३.५ वर उतरली. पाचवा २८ चा, म्हणून ती २४.४ वर चढली. उतरणं संपून चढणं सुरू होतं त्या जागी दोघे समान असायलाच हवेत. तक्त्यात ती जागा चौथ्या आणि पाचव्या गठ्ठ्याच्या मध्ये कुठेतरी येते.

आकृती हाताने काढताना हा छेद तळाच्या डावीकडे सरकला असेल तर आकृती चुकली आहे, मग बाकीची रेषा कितीही सुबक असो.

जागामालकाने भाडं वाढवलं तर उत्पादन कमी करायचं का?

भाडं वाढून स्थिर खर्च ६० चा ९० झाला असं धरा, भाव ३०. पाच गठ्ठ्यांवर तोटा ६२ होईल आणि बंद केल्यास ९०. फरक तोच, २८ चा. सीमांत खर्चाच्या रकान्यात एकही आकडा हलला नाही, सरासरी बदलत्या खर्चाच्या रकान्यातही नाही. म्हणून उत्पादन पाचच गठ्ठे. मालकाची झोप उडेल हे वेगळं.

पुठ्ठा महागला तर मात्र चित्र बदलतं. दर गठ्ठ्याला ३ जास्त लागू लागले तर पाचवा गठ्ठा ३१ ला पडेल. भाव ३० असताना तो परवडणार नाही आणि उत्पादन चारवर येईल. बंद बिंदूही ३ ने वर सरकून २६.५ होईल. ‘खर्च वाढला’ एवढं ऐकून काही ठरवता येत नाही, कोणता वाढला ते आधी विचारावं लागतं.

स्थिर खर्च बंद केल्यावर टळतच नाही, हे खरोखर नेहमी खरं असतं का?

पाठ्यपुस्तकात असतं, प्रत्यक्षात नेहमी नाही. नियम वापरताना लोक सगळ्यात जास्त घसरतात ते इथे. हिशेबाच्या वहीत ‘स्थिर’ म्हणून लिहिलेल्या काही रकमा उत्पादन थांबवलं की थांबतात. रखवालदाराचा आठवड्याच्या नोटिशीवर संपणारा करार, चालू असेपर्यंतच लागणारा परवाना, मालकाने दुसरीकडे काम करून कमावले असते ते पैसे. या रकमा गठ्ठ्यांबरोबर वाढत नाहीत, म्हणून त्या बदलत्या खर्चात दिसत नाहीत. पण बंद केलं की वाचतात.

६० पैकी २० असे टळणारे आहेत असं समजा, आणि भाव २८. साधा नियम म्हणेल, २८ हे २३.५ च्या वर आहे, चालवा. करून बघू. पाच गठ्ठ्यांचे १४० येतात, बदलता खर्च १२२, वर ६०, तोटा ४२. बंद केलं तर टळणारे २० वाचून तोटा फक्त ४०. म्हणजे बंदच बरं.

नियम चुकला नाही, आकडा चुकला. तुलना करायची ती टळणाऱ्या सगळ्या खर्चाच्या सरासरीशी. टळणारे २० बदलत्या खर्चात मिळवले तर ही सरासरी पाच गठ्ठ्यांवर सगळ्यात कमी येते, २८.४, आणि तोच खरा बंद बिंदू. म्हणून मी विद्यार्थ्यांना वहीतला मथळा वाचू नका म्हणतो. प्रत्येक रकमेला एकच प्रश्न विचारा : उद्या बंद केलं तर हे पैसे वाचतात का?

भाव बंद बिंदूच्या खाली असूनही काही जण चालू का ठेवतात?

कारण बंद करणं आणि पुन्हा सुरू करणं फुकट नसतं. भाव २२ असताना चालवण्याने आठवड्याला ६ जास्त बुडतात. पण बंद करून पुन्हा उघडायला, यंत्र साफ करून बसवायला आणि नवी माणसं शोधायला १५ लागणार असतील, तर भाव दोन आठवड्यांत सावरेल अशा वेळी चालू ठेवणं स्वस्त : १२ विरुद्ध १५. तीन आठवडे लागणार असतील तर १८ जातील, मग बंद करणं बरं.

याचं टोकाचं रूप विजेच्या घाऊक बाजारात दिसतं. जर्मनीत २००८ पासून तिथे शून्याखालच्या किमतीही लागू शकतात. कोळशावरचं मोठं वीजकेंद्र तासाभरासाठी थंड करून पुन्हा तापवणं इतकं महाग पडतं, की काही तास पदरचे पैसे देऊन वीज ढकलणं त्याला परवडतं. तासाच्या हिशेबात ही चूक वाटते. पण आठवड्याचा हिशेब घेतला की नियम जागेवर असतो.

मग पुरवठा वक्र कुठला?

बंद बिंदूच्या वरचा सीमांत खर्चाचा चढता भाग. भाव ५० ला सात गठ्ठे, ३० ला पाच, २४ ला चार. २३.५ च्या खाली गेला की तीन, दोन, एक असं हळूहळू उतरत नाही. चारवरून थेट शून्य. एक-दोन गठ्ठे करणारा असा कारखाना कुठल्याच भावाला दिसणार नाही, कारण इतक्या कमी उत्पादनावर यंत्र लावण्याचा खर्चच निघत नाही. आकृतीत ही उडी दाखवायची राहून जाते आणि वक्र शून्यापर्यंत ओढला जातो, ते चूक.

बंद करणं आणि धंदा सोडणं एकच का?

नाही. बंद म्हणजे कुलूप लावून भाडं भरत राहणं. भाव वाढला की पुन्हा उघडणं. धंदा सोडणं म्हणजे करार संपवून, यंत्र विकून बाहेर पडणं, आणि ते दीर्घकाळातच शक्य होतं. तेव्हा भाडंही टळणाऱ्या खर्चात जमा होतं आणि तुलना सरासरी एकूण खर्चाशी होते. आपल्या कारखान्याला त्यासाठी भाव निदान ३६.३ च्या आसपास हवा. भाव ३० वर अडकून राहिला तर मालक करार संपेपर्यंत पाच गठ्ठे करत राहील आणि मग नूतनीकरण करणार नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, इतके दिवस चालवलं आणि आताच काय झालं? झालं एवढंच, की आठवड्याचे ६० पहिल्यांदा टाळता येऊ लागले.

उत्तर बरोबर आलं की नाही हे पटकन कसं तपासायचं?

आलेला तोटा स्थिर खर्चाशी ताडून बघा. तोटा स्थिर खर्चापेक्षा मोठा येत असेल आणि तरी तुम्ही ‘चालू ठेवा’ लिहिलं असेल, तर कुठेतरी चुकलंय. भाव २२ ला ६६ आले तेव्हा हेच घडलं होतं. आणि तोटा स्थिर खर्चापेक्षा लहान असून ‘बंद करा’ लिहिलं असेल, तर बहुधा किंमत सरासरी एकूण खर्चाशी ताडली गेली आहे. टळणारा स्थिर खर्च असेल तर तुलनेला साठ ऐवजी न टळणारे चाळीस घ्या.